मेट्रोपोलिस सॅम्पलिंग: एका पॅरामीटरची चेन, आधी हाताने आणि मग कोडमध्ये

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं असेल तर पेरणीआधी त्याची उगवणक्षमता तपासतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या ओळी मांडायच्या, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, ओल टिकवायची आणि आठवडाभराने कोंब आलेले दाणे मोजायचे. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, म्हणून घरच्या बियाण्यालाही तोच निकष लावतात. चाचणीसाठी १०० दाणे घ्यावेत असं सांगितलं जातं, पण समजा कोणी चारच ओळी मांडल्या. ४० दाणे, त्यातले ३१ उगवले. म्हणजे ७७.५ टक्के. आकडा ७० च्या वर आहे खरा, पण तो ४० दाण्यांचा आहे. पोत्यातल्या सगळ्या बियाण्याची उगवण ७० च्या खाली असण्याची शक्यता किती?

या प्रश्नाचं उत्तर पोस्टेरियरमधून मिळतं, म्हणजे दाणे बघितल्यावर उगवणीची कुठली किंमत किती शक्य उरते ते सांगणाऱ्या वितरणातून. त्या वितरणातून एकामागोमाग नोंदींच्या चेनने नमुने काढायची सगळ्यात जुनी, सगळ्यात साधी रीत म्हणजे मेट्रोपोलिस. १९५३ साली निकोलस मेट्रोपोलिस, आरियाना आणि मार्शल रोझेनब्लूथ, ऑगस्टा आणि एडवर्ड टेलर या पाच जणांनी ती प्रसिद्ध केली. काम होतं लॉस अलामोसच्या मॅनिअॅक संगणकावर, एकमेकांवर आदळणाऱ्या कणांचं गणित सोडवण्याचं. बेझियन संख्याशास्त्राशी तेव्हा तिचा काही संबंध नव्हता. नाव पहिल्या लेखकाचं चिकटलं. प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिला तो आरियाना रोझेनब्लूथ यांनी, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

आपल्याला नेमकं काय माहीत आहे

खरी उगवण म्हणजे आपला एकुलता एक पॅरामीटर. त्याला थीटा म्हणू. तो ० आणि १ यांच्यामध्ये कुठेतरी आहे. दाणे बघण्याआधी त्याबद्दल काहीच मत नाही असं धरलं तर प्रायर सपाट होतो आणि पोस्टेरियर फक्त लाइकलीहूडच्या, म्हणजे त्या थीटाला आपले दाणे असेच उगवण्याच्या शक्यतेच्या, प्रमाणात उरतं: ३१ दाणे उगवले, ९ उगवले नाहीत.

```
post(t) ∝ t^31 * (1-t)^9
```

या सूत्रातलं ∝ हे चिन्ह महत्त्वाचं आहे. उजवीकडच्या राशीखालचं एकूण क्षेत्रफळ १ नाही. ते १ करायला जो भागाकार लागतो तो बहुतेक खऱ्या मॉडेलमध्ये काढता येत नाही. मेट्रोपोलिसला त्याची गरजच पडत नाही, कारण ती नेहमी दोन जागांच्या उंचीचं गुणोत्तर बघते आणि गुणोत्तरात तो अज्ञात आकडा वरखाली कटून जातो.

हे उदाहरण मुद्दाम असं निवडलं आहे की त्याचं अचूक उत्तर कागदावर मिळतं. हे पोस्टेरियर म्हणजे ३२ आणि १० हे आकडे असलेलं बीटा वितरण. त्याची सरासरी ०.७६२, प्रमाण विचलन ०.०६५ आणि ०.७० च्या खालचा हिस्सा ०.१७. नवी रीत शिकताना उत्तर आधी हातात असलेलं बरं. नाहीतर प्रोग्राम चुकला तरी तो आकडे छापतोच, आणि ते आकडे दिसतातही अगदी शहाण्यासारखे.

उंची थेट न मोजता तिचा नैसर्गिक लॉग घ्यायचा.

```
L(t) = 31*ln(t) + 9*ln(1-t)
```

४० दाण्यांना लॉगशिवायही चालून जाईल. पण दाणे ४,००० असते तर थीटा ०.५ ला ती रक्कम ०.५ चा ४,००० वा घात, म्हणजे दशांश चिन्हानंतर बाराशेहून अधिक शून्यं. संगणकाचा दशांश आकडा त्याच्या कितीतरी आधी सरळ शून्य होतो, मग शून्य भागिले शून्य, गुणोत्तर nan आणि चेन सुरुवातीच्याच जागी अडकून बसते. म्हणून सवय पहिल्यापासून लॉगची ठेवा. गुणोत्तराचा लॉग म्हणजे दोन लॉगांची वजाबाकी, इतकंच लक्षात ठेवायचं.

एका पावलात काय होतं

आपण सध्या एका थीटावर उभे आहोत. त्यात शून्याभोवतीच्या नॉर्मल वितरणातला एक यादृच्छिक आकडा मिळवायचा की नवी जागा सुचते. हे प्रपोजल. त्या नॉर्मल वितरणाचं प्रमाण विचलन म्हणजे आपल्या पावलाची लांबी, ती तूर्त ०.१ घेऊ. मग नवी उंची भागिले जुनी उंची हे गुणोत्तर काढायचं. ते १ किंवा जास्त असेल तर बिनशर्त स्वीकार. १ पेक्षा कमी असेल तर ० ते १ मधला एक यादृच्छिक आकडा, u, काढायचा. u गुणोत्तरापेक्षा लहान निघाला तर स्वीकार, नाहीतर नकार. स्वीकार झाला तर नवी जागा वहीत लिहायची. नकार झाला तर आहे तीच जागा पुन्हा एकदा लिहायची.

शेवटच्या वाक्यावर नवशिक्यांची सगळ्यात जास्त गल्लत होते. त्याकडे वळण्याआधी सात पावलं हाताने चालू.

सुरुवात ०.५० पासून करू. ही जागा वाईट आहे, पण सुरुवात कुठूनही केली तरी चालते. इथे L = −२७.७३.

पहिलं पाऊल: प्रपोजल ०.५८. तिथे L = −२४.६९. फरक +३.०३, म्हणजे नवी जागा सुमारे वीसपट उंच. u काढायचीही गरज नाही. स्वीकार.

दुसरं: ०.५८ वरून ०.७१. L = −२१.७६, पुन्हा चढ. स्वीकार.

तिसरं: ०.७१ वरून ०.६६. इथे L = −२२.५९, म्हणजे आपण उतरतो आहोत. फरक −०.८३, गुणोत्तर e चा −०.८३ वा घात, ०.४४. समजा u आला ०.३१. तो ०.४४ पेक्षा लहान, म्हणून स्वीकार. आपण जाणूनबुजून कमी संभाव्य जागी आलो. फक्त चढच स्वीकारला असता तर ही रीत शिखर शोधून तिथेच बसली असती. आपल्याला शिखर नको आहे, अख्ख्या डोंगराचा आकार हवा आहे.

चौथं: ०.६६ वरून ०.७९. L = −२१.३५. चढ, स्वीकार.

पाचवं: ०.७९ वरून ०.९१. L = −२४.६०. फरक −३.२४ आणि गुणोत्तर जेमतेम ०.०४. अशी उडी शंभरात चार वेळाच मान्य होणार. u आला ०.६२, नकार. आपण ०.७९ वरच आहोत आणि वहीत ०.७९ दुसऱ्यांदा लिहिलं.

सहावं: ०.७९ वरून ०.७४. L = −२१.४६, किंचित उतार, गुणोत्तर ०.९०. u = ०.४७, स्वीकार.

सातवं: ०.७४ वरून ०.६२. L = −२३.५३, गुणोत्तर ०.१३. u = ०.५५, नकार. ०.७४ पुन्हा.

वहीत आत्तापर्यंत हे आहे:

```
0.50  0.58  0.71  0.66  0.79  0.79  0.74  0.74
```

हीच चेन. सात पावलांनी काही सिद्ध होत नाही, पण ०.५० वरून निघालेली ही साखळी तीन-चार पावलांत योग्य भागात पोचली आणि तिथेच घुटमळू लागली, एवढं दिसतं.

नकार आला तरी नोंद का

थीटाच्या दोनच किमती शक्य आहेत असं क्षणभर धरा. क आणि ख. पोस्टेरियरमध्ये क चं वजन ०.७५ आणि ख चं ०.२५. प्रपोजल नेहमी "दुसरीकडे जा" एवढंच सांगतं.

ख वर असताना क चं प्रपोजल येतं, गुणोत्तर ३, लगेच स्वीकार. क वर असताना ख चं प्रपोजल येतं, गुणोत्तर एक तृतीयांश. म्हणजे तीनात दोनदा नकार. त्यामुळे चेन क वर सरासरी तीन नोंदी मुक्काम करते आणि ख वर एकच. ३ ला १, हेच आपल्याला हवं होतं.

आता नकाराच्या नोंदी गाळा. वहीत उरतं क, ख, क, ख, क, ख. प्रमाण निम्मं-निम्मं. पोस्टेरियरची सगळी माहिती त्या गाळलेल्या नोंदींतच होती. एखादी जागा किती संभाव्य आहे हे चेन तिथे किती वेळ अडून राहते यावरूनच कळतं.

सोयाबीनच्या उदाहरणात ही चूक इतकी उघडी पडत नाही, म्हणून ती जास्त धोक्याची. शिखराजवळ नकार जास्त येतात आणि कडेला कमी. नकार गाळले की शिखर खचतं आणि कडा फुगतात. पावलाची लांबी १ इतकी मोठी ठेवून फक्त स्वीकारलेल्या जागा मोजल्या तर प्रमाण विचलन ०.०६५ ऐवजी ०.०७५ च्या आसपास येतं आणि ७० टक्क्यांखालची शक्यता १७ ऐवजी २१-२२ टक्क्यांच्या घरात जाते. सरासरी मात्र जवळपास ठीकच दिसते. नुसती सरासरी ताडून बघणाऱ्याला काहीच खटकणार नाही.

कोड

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
n, y = 40, 31

def logpost(t):
    if t <= 0 or t >= 1:
        return -np.inf
    return y*np.log(t) + (n-y)*np.log(1-t)

def metropolis(start, step, N):
    t, lp = start, logpost(start)
    chain, acc = np.empty(N), 0
    for i in range(N):
        tn = t + rng.normal(0, step)
        lpn = logpost(tn)
        if np.log(rng.random()) < lpn - lp:
            t, lp = tn, lpn
            acc += 1
        chain[i] = t
    return chain, acc / N

chain, rate = metropolis(0.5, 0.16, 20000)
c = chain[500:]
print(rate, c.mean(), c.std(), (c < 0.70).mean())
```

`chain[i] = t` ही ओळ `if` च्या बाहेर आहे. ती चार जागा उजवीकडे सरकली की नकाराची नोंद होत नाही. अॅरेऐवजी यादी वापरून `append` केलं असेल तर वरच्या परिच्छेदातली चूक तयार, आणि पायथन तक्रार करणार नाही.

दुसरी नीट बघायची जागा म्हणजे ० ते १ च्या बाहेरचं प्रपोजल. थीटा ०.९२ असताना १.०३ सुचू शकतं. तिथे पोस्टेरियर शून्य, लॉग उणे अनंत, म्हणून नकार आणि जुनी जागा पुन्हा. इथे काही जण हुशारी करतात: आकडा आत येईपर्यंत नवा काढत राहतात, किंवा १.०३ ला दामटून ०.९९९ करतात. दोन्ही चुकीचं. साध्या मेट्रोपोलिसची एकच अट आहे, की इथून तिथे जाण्याचं प्रपोजल आणि तिथून इथे येण्याचं प्रपोजल सारख्याच शक्यतेने यावं. पुन्हा-पुन्हा काढण्याने कडेजवळ ही समानता मोडते. प्रपोजल असमान असलं तर गुणोत्तराला एक दुरुस्तीचा गुणक लावावा लागतो. ती सोय हेस्टिंग्ज यांनी १९७० साली दिली, म्हणून व्यापक रीतीला मेट्रोपोलिस-हेस्टिंग्ज म्हणतात. नवशिक्याने त्या वाटेला जायचं कारण नाही. सरळ नकार द्या.

पहिल्या ५०० नोंदी टाकल्या आहेत, कारण ०.५० पासूनचा सुरुवातीचा प्रवास पोस्टेरियरचा भाग नाही. त्याला बर्न-इन म्हणतात. खरं तर इथे पाच-पन्नास टाकूनही भागलं असतं.

पावलाची लांबी कशी ठरवायची

वर ०.१६ कुठून आलं? पोस्टेरियर साधारण घंटेच्या आकाराचं आणि पॅरामीटर एकच असेल तर पाऊल पोस्टेरियरच्या प्रमाण विचलनाच्या सुमारे २.४ पट ठेवावं. ०.०६५ च्या २.४ पट म्हणजे ०.१६. तेव्हा स्वीकाराचं प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास येतं. अनेक पॅरामीटर एकदम हलवताना २३ टक्के हा आकडा वाचायला मिळतो, तो इथे लावू नका.

पण प्रमाण विचलन आधी माहीत नसतं, तेच तर शोधायचं आहे. म्हणून एक छोटी चाचणी चेन चालवायची, तिचं प्रमाण विचलन आणि स्वीकाराचं प्रमाण बघायचं, पाऊल बदलायचं आणि मग नवी चेन सुरू करायची. मुख्य चेन चालू असताना तिच्याच इतिहासावरून पाऊल बदलत राहू नका. तसं करायला वेगळी काळजी घ्यावी लागते.

पाऊल ०.०१ ठेवून बघा. सुमारे ९५ टक्के प्रपोजलं स्वीकारली जातात. हा आकडा बघून खूश होणारे पुष्कळ असतात. पण चेनचा आलेख काढा, आडवा अक्ष पावलांचा आणि उभा थीटाचा. नदीच्या नागमोडी पात्रासारखी रेघ दिसेल. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला खेटून आहे आणि शेकडो पावलं चालल्यावरच डोंगर एकदा ओलांडला जातो. आता पाऊल १ करा. स्वीकार सुमारे ८ टक्क्यांवर येतो आणि आलेखात पायऱ्या दिसतात: बराच वेळ सपाट, अचानक उडी, पुन्हा सपाट. तत्त्वतः दोन्ही चेन बरोबर आहेत, अनंत काळ चालवल्या तर त्याच उत्तरावर येतील. २०,००० पावलांत मात्र त्यांच्याकडे सांगण्यासारखं फार कमी असतं. ०.१६ चा आलेख रेघ वाटत नाही, केसाळ पट्टा वाटतो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच उंचीवर राहतो. तसा दिसला की ठीक.

उत्तर किती अंकांपर्यंत खरं मानायचं, हेही यातूनच ठरतं. शेजारच्या नोंदी एकमेकींशी बांधलेल्या असल्याने २०,००० नोंदी म्हणजे २०,००० स्वतंत्र नमुने नव्हेत. चांगल्या पावलालाही त्यातले साधारण चौथा-पाचवा हिस्सा एवढेच मोलाचे. चार-साडेचार हजार स्वतंत्र नमुने धरले तर सरासरीतली चूक ०.००१ च्या आसपास आणि ७० खालच्या शक्यतेतली ०.००६ च्या आसपास पडते. म्हणजे तुमच्या संगणकावर सरासरी ०.७६१ किंवा ०.७६३, आणि शक्यता ०.१६ ते ०.१८ अशी काहीही आली तर बरोबर. ०.२२ आली तर कोड उघडा. शेवटचा आकडा ०.१७०४ असा चार दशांशांत छापण्यात अर्थ नाही.

अचूक उत्तर हातात नसेल तेव्हा निदान एवढं करा: चेन ०.१, ०.५ आणि ०.९५ अशा लांबच्या तीन जागांवरून सुरू करा. बर्न-इननंतर तिन्हींच्या सरासऱ्या वर काढलेल्या चुकीइतक्याच फरकात जुळायला हव्यात. न जुळल्या तर एकीवरही विश्वास नको. जुळल्या तरी एक धोका उरतोच. पोस्टेरियरला दोन शिखरं असतील आणि मधली दरी पावलाच्या मानाने रुंद असेल, तर चेन एकाच शिखरावर फिरत राहते, ४४ टक्के स्वीकार दाखवते आणि आलेखही सुरेख देते. तिन्ही सुरुवाती नेमक्या एकाच शिखराच्या बाजूला पडल्या तर तुम्हाला कळणारही नाही. म्हणून सुरुवाती दूरदूर ठेवायच्या. पॅरामीटर एकच असल्याने आणखी एक सोय आहे: शंभर-दोनशे थीटा घेऊन `logpost` चा सरळ आलेख काढून बघायचा. तेवढी दोन मिनिटं जरूर द्या.

प्रायर बदलला तर

सपाट प्रायर असताना बीटा वितरणाने काम भागत होतं, मेट्रोपोलिस फक्त सरावासाठी होती. आता समजा त्याच शेतातलं, तसंच सांभाळून साठवलेलं बियाणं दरवर्षी ८० टक्क्यांच्या आसपास उगवतं आणि पाचेक टक्के इकडेतिकडे होतं. हे प्रायरमध्ये घालायचं तर `logpost` च्या `return` मध्ये एक पद वाढवायचं:

```python
    return y*np.log(t) + (n-y)*np.log(1-t) - 0.5*((t-0.80)/0.05)**2
```

बाकी एकही ओळ बदलत नाही. तयार सूत्र आता नाही, पण मेट्रोपोलिसला फरक पडत नाही. चेनची सरासरी ०.७९ च्या आसपास जाते आणि प्रमाण विचलन ०.०४ वर येतं, म्हणून पाऊलही ०.१ पर्यंत कमी करावं लागतं. ७० टक्क्यांखालची शक्यता जवळजवळ नाहीशी होते.

ती नाहीशी झाली ती दाण्यांमुळे की त्या वाढवलेल्या पदामुळे, हे विचारायला हवं. ०.०५ प्रमाण विचलनाचा तो प्रायर या ४० दाण्यांपेक्षाही भारी आहे. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते. मळणीत मार बसला किंवा काढणीच्या वेळी पावसात भिजला तर मागच्या वर्षांची उगवण यंदा लागू पडत नाही. असं काही झालं असेल तर हे पद काढून टाका, उरलेल्या सहा ओळी मांडून १०० दाणे पूर्ण करा आणि `n`, `y` बदलून चेन पुन्हा चालवा.